प्रिसिडंट स्टडी कशी करायची: एक प्रश्न, एक इमारत, एक सेक्शन

स्टुडिओत प्रिसिडंट स्टडीची शीट लावली जाते तेव्हा दहापैकी सात शीटवर साधारण एकच मांडणी असते. डावीकडे आर्किटेक्टचा फोटो आणि चरित्र, मध्ये चार रंगीत फोटो, उजवीकडे कुठूनतरी उचललेला प्लॅन आणि खाली 'स्पेसेसचा सुंदर फ्लो', 'निसर्गाशी नातं' अशी दोन वाक्यं. ज्युरीत कुणी विचारलं की यातलं तुझ्या डिझाइनमध्ये काय आलं, तर उत्तर येतं, 'सर, तो फील.'

यात आळस नसतो, बरीच मुलं चार-चार रात्री जागून हे करतात. चूक क्रमात असते. आधी इमारत निवडली जाते, मग माहिती जमवली जाते आणि शेवटच्या रात्री 'लर्निंग्ज' नावाचा कोपरा भरला जातो. खाली तोच क्रम उलटा करून दिला आहे. उदाहरण एकच घेतलं आहे आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं आहे.

एक खुलासा आधीच करतो. केस स्टडी आणि प्रिसिडंट स्टडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस स्टडीत आपण एका प्रकारची इमारत कशी चालते ते पाहतो: किती माणसं येतात, कुठे गर्दी होते, स्टोअर किती लागतं. प्रिसिडंटमध्ये एखादा डिझाइनचा प्रश्न दुसऱ्या कुणी कसा सोडवला ते पाहतो. लायब्ररी करणाऱ्याने केस स्टडीसाठी लायब्ररीच पाहावी. प्रिसिडंटसाठी मात्र ती म्युझियम असू शकते, गोदामही असू शकतं.

## टप्पा १: आधी प्रश्न लिहा, इमारत नंतर

स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये सध्या कुठे अडलं आहे ते एका वाक्यात लिहा. 'उजेडाचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर रेषेत काढता येईल.

आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीकडे एका छोट्या लायब्ररीचा वाचनकक्ष आहे. तिचा प्रश्न: 'सुमारे ७ मीटर रुंद खोलीत उजेड वरून आणायचा आहे, पण टेबलावर थेट ऊन पडता कामा नये. छताचा आकार, स्ट्रक्चर आणि उजेडाची फट यांचं एकमेकांशी कसं जमवायचं?'

यात एक माप आहे, एक अट आहे आणि ज्यांचं आपसात जमत नाही अशा तीन गोष्टी आहेत. एवढं असलं की इमारत शोधणं फार सोपं होतं.

तपासणी: तुमचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या प्रोजेक्टलाही जसंच्या तसं लागू पडत असेल, तर ते अजून पुरेसं नेमकं झालेलं नाही.

## टप्पा २: इमारत निवडताना आधी ड्रॉइंग शोधा

मुलं फोटो पाहून इमारत निवडतात आणि आठवडाभराने कळतं की सेक्शन कुठेच मिळत नाही. म्हणून निवड पक्की करण्याआधी तीन गोष्टी हातात आहेत का ते पाहा: स्केल किंवा किमान एक खात्रीचं माप असलेला प्लॅन, तुमच्या प्रश्नातून जाणारा सेक्शन, आणि त्या जागेचं एखादं डीटेल किंवा ते स्पष्ट दिसेल असा फोटो. यातलं सेक्शन नसेल तर इमारत कितीही आवडती असली तरी सोडा. फोटोवरून काढलेला सेक्शन हा अंदाज असतो आणि अंदाजावर धडा उभा राहत नाही.

नुकत्याच बांधलेल्या आणि सगळीकडे झळकणाऱ्या इमारतींपासून मी तरी मुलांना लांब ठेवतो. फोटो शेकडो मिळतात, सेक्शन मात्र बहुतेक वेळा अंगठ्याएवढा.

आपण घेतोय फोर्ट वर्थ, टेक्सासमधलं किंबेल आर्ट म्युझियम. लुई कान यांचं काम, १९७२ मध्ये खुलं झालं. समांतर ठेवलेले लांबट काँक्रीटचे व्हॉल्ट, प्रत्येक व्हॉल्टच्या माथ्यावर लांबीभर एक फट, फटीखाली टांगलेला ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर. ड्रॉइंग भरपूर प्रसिद्ध आहेत आणि एका व्हॉल्टची रुंदी आपल्या प्रश्नातल्या खोलीएवढीच आहे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ७ मीटरच्या प्रश्नाला ६० मीटरच्या स्टेडियमचं छप्पर फारशी मदत करत नाही.

सावधान: एका प्रश्नासाठी तीन इमारती घेऊ नका. एक नीट काढा. दुसरी घ्यायचीच असेल तर पहिली काढून झाल्यावर, आणि तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेली घ्या.

## टप्पा ३: मापं जुळवून घ्या

किंबेलबद्दल वाचताना लवकरच एक गोष्ट खटकते. व्हॉल्टची लांबी सगळीकडे १०० फूट सापडते, रुंदी मात्र कुठे २० फूट तर कुठे २३ फूट. मापाला नुसता आकडा पुरत नाही, ते कुठून कुठपर्यंत घेतलं हेही लागतं: आतली मोकळी रुंदी, कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत, की बाहेरून बाहेर. प्लॅनवर पट्टी ठेवा, १०० फुटांच्या बाजूवरून स्केल काढा आणि रुंदी स्वतः मोजा. मग दोन्हीपैकी कुठला आकडा कुठल्या रेषांना लागू पडतो ते कळतं. आपण इथे सुमारे ७ मीटर रुंदी आणि ३०.५ मीटर लांबी धरून पुढे जाऊ.

एका पानावर छोटा तक्ता करा: माप, कुठून मिळालं, स्वतः मोजून पाहिलं का. जे माप तुम्ही अंदाजाने घेतलं आहे त्यापुढे तसं लिहा आणि ड्रॉइंगमध्ये ते तुटक रेषेने दाखवा. ज्युरीत असा कागद दाखवणाऱ्या मुलाला मापांवरून कुणी छळत नाही, हा माझा अनुभव आहे.

तपासणी: छापील प्लॅन आणि सेक्शन एकाच स्केलवर आणून एकावर एक धरा. कॉलम कॉलमवर बसतात का? बसत नसतील तर दोन्हीपैकी एक छापताना ताणलं गेलं आहे, किंवा ते मंजुरीआधीच्या डिझाइनचं ड्रॉइंग आहे. जुन्या इमारतींच्या बाबतीत हे सर्रास होतं: न बांधलेली आवृत्ती बांधलेली म्हणून फिरत असते.

## टप्पा ४: स्वतः काढा, आणि सेक्शनपासून सुरुवात करा

ट्रेस करणं आणि काढणं यात फरक आहे. ट्रेस करताना हात चालतो, डोकं बंद राहिलं तरी चालतं. काढताना प्रत्येक रेषेला विचारावं लागतं की ही इथेच का. म्हणून मूळ ड्रॉइंग बाजूला ठेवा, मापांचा तक्ता समोर घ्या आणि कोऱ्या कागदावर बांधत जा.

सवयीने सगळे प्लॅनपासून सुरू करतात. आपला प्रश्न वरून येणाऱ्या उजेडाचा आहे, तेव्हा सेक्शन आधी. प्रश्न फिरण्याच्या वाटांचा असता तर प्लॅन आधी काढला असता.

अ. जमीन, कॉलम, वक्र सुरू होण्याची उंची. १:५० स्केल घ्या. जमिनीची रेषा, त्यावर ७ मीटरसाठी १४० मिलिमीटर अंतर. कॉलम २ फूट चौरस, म्हणजे कागदावर साधारण १२ मिलिमीटर.

आ. वक्र. इथे जवळपास प्रत्येक जण घसरतो. मी स्वतः विद्यार्थी असताना घसरलो होतो. फोटोत ते अर्धवर्तुळ वाटतं, म्हणून मी कंपास ठेवला आणि ओढलं. माथ्याची उंची जमेना, तेव्हा खालचा भाग ठेंगणा करून 'जमवून' टाकलं. परीक्षकांनी शीटवर बोट ठेवून एवढंच विचारलं की या दाराखालून माणूस वाकून जातो का.

हा वक्र अर्धवर्तुळ नाही, सायक्लॉइड आहे: सपाट पृष्ठभागावर चाक घरंगळलं तर त्याच्या कडेवरचा एक बिंदू हवेत जी वाट काढतो ती. चाकाच्या एका फेरीत जेवढं अंतर कापलं जातं ती व्हॉल्टची रुंदी, आणि चाकाचा व्यास ही वक्राची उंची. म्हणजे रुंदीला π ने भागलं की उंची मिळते. १४० मिलिमीटरसाठी ती साडेचव्वेचाळीस मिलिमीटर येते.

जाड पुठ्ठ्याची साडेचव्वेचाळीस मिलिमीटर व्यासाची चकती कापा. कडेला एक खाच करा, तिच्यात पेन्सिलीचं टोक धरा आणि चकती पट्टीवरून न घसरवता एक पूर्ण फेरी फिरवा. थोडी खटपट होते, पण वक्र हातात येतो. ७ मीटर रुंदीवर अर्धवर्तुळाची उंची साडेतीन मीटर झाली असती, सायक्लॉइडची जेमतेम सव्वादोन मीटर होते. सव्वा मीटरचा हा फरक म्हणजेच खोलीचं रूप. छत चपटं पसरतं, बाजूंना झटकन खाली उतरतं, आणि माथ्यावरून आलेला उजेड धरून ठेवायला रुंद, सलग वक्र पृष्ठभाग मिळतो.

इ. फट आणि रिफ्लेक्टर. माथ्यावर फट दाखवा. तिच्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखा पसरलेला भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर. त्याची रुंदी फोटोवरून ठोकून देऊ नका, सेक्शनमधून मोजा.

ई. शेजार. एकच व्हॉल्ट काढून थांबू नका. शेजारचा व्हॉल्ट आणि दोन्हींमधला सपाट छताचा पट्टा काढा. वातानुकूलनाचे डक्ट त्या पट्ट्यात आहेत. ते वक्राच्या आत आले असते तर उजेडासाठीचा पृष्ठभागच तुटला असता.

यानंतर प्लॅन, १:२०० ला पुरे. त्यात तीन गोष्टी दिसू द्या: प्रत्येक व्हॉल्टच्या चार कोपऱ्यांतले चार कॉलम, व्हॉल्टची दिशा आणि उत्तर. फर्निचर, झाडं, गाड्या नकोत.

तपासणी: तुमचा सेक्शन मूळ सेक्शनवर धरा. जिथे चुकला असाल तिथे लाल खूण करा, पण लगेच दुरुस्त करू नका. ती चूक का झाली हे लिहा. बहुतेक वेळा धडा त्या लाल खुणेपाशीच सापडतो.

## टप्पा ५: एका आकृतीत एकच प्रश्न

आता विश्लेषणाच्या आकृत्या. नेहमीची चूक म्हणजे एकाच प्लॅनवर लाल बाण सर्क्युलेशनचे, निळे हवेचे, पिवळे उजेडाचे आणि हिरवा पट्टा लँडस्केपचा. त्यातून काहीच कळत नाही. स्वतः काढलेला सेक्शन पुसट रेषेत तीनदा उतरवून घ्या आणि प्रत्येकावर एकेकच गोष्ट गडद करा.

भार. व्हॉल्टचा भार कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा. मुलं सवयीने कमानीसारखे बाण काढतात: माथ्यावरून दोन्ही बाजूंना, वक्रातून खाली. मग लक्षात येतं की माथ्यावर तर फट आहे. कमान उभी राहते ती दोन्ही अर्धी एकमेकांना माथ्याशी रेटतात म्हणून. तिथेच लांबीभर कापलं तर कमान आत कोसळली पाहिजे. ही कोसळत नाही, म्हणजे ही कमानच नव्हे.

आता प्लॅनकडे पुन्हा बघा. आधार फक्त चार कोपऱ्यांत आहेत. फटीच्या दोन्ही बाजूंचे वक्र काँक्रीटचे पंख ३०.५ मीटर लांबीच्या दिशेने बीमसारखे काम करतात. त्यांच्यात ताणलेल्या पोलादी केबल आहेत, आणि फटीच्या आरपार थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही पंखांना जोडणारे काँक्रीटचे आडवे तुकडे आहेत. इंजिनीअर ऑगस्ट कोमेंडंट यांचं कसब इथे आहे. टोकाला पाहिलंत तर दगडी भिंत आणि वरची काँक्रीटची वक्र कड यांच्यात काचेची बारीक पट्टी आहे. भिंत छत पेलत नाही हे ती पट्टी सांगते.

यातून दोन गोष्टी एकदम सुटतात. छत लांबीच्या दिशेने भार नेतं म्हणून माथ्यावर फट ठेवता आली, आणि त्याच कारणाने लांब बाजूंना भिंती लागल्या नाहीत, एका व्हॉल्टमधून दुसऱ्यात सहज जाता येतं. उजेड आणि मोकळा प्लॅन हे एकाच निर्णयातून आलेत. फोटो कितीही पाहिले तरी हे कळत नाही, बाण काढताना अडखळल्यावरच कळतं.

उजेड. दुसऱ्या सेक्शनवर सूर्यकिरण काढा. इथे चांगली चांगली मुलं चुकतात. दुपारच्या सूर्याची उंची काढायचं सूत्र त्यांना पाठ असतं: विषुवदिनाला ९० अंशांतून अक्षांश वजा. फोर्ट वर्थसाठी ते साधारण ५७ अंश येतं. मग आडव्या सेक्शनवर ५७ अंशांची तिरकी रेषा मारतात आणि ऊन एका भिंतीवर पडलं असं दाखवतात. पण किंबेलचे व्हॉल्ट उत्तर-दक्षिण लांब आहेत. आडवा सेक्शन पूर्व-पश्चिम कापलेला आहे. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणजे त्या सेक्शनमध्ये किरण बरोबर उभा खाली येताना दिसतो, ऋतू कुठलाही असो. ५७ अंशांची रेषा लांबीच्या सेक्शनमध्ये काढायची. आडव्या सेक्शनमध्ये तिरके किरण सकाळ-संध्याकाळचे असतात.

म्हणजे रिफ्लेक्टर नेमका फटीच्या खाली का, याचं उत्तर मिळालं. किरण आधी रिफ्लेक्टरवर आपटतो, तिथून वर वक्र काँक्रीटवर जातो आणि मग खाली खोलीत पसरतो. रिफ्लेक्टरच्या कामात प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली होते. त्यातली एक बारीक गोष्ट आपल्या प्रश्नासाठी सोन्यासारखी आहे: चित्रांच्या दालनांत रिफ्लेक्टरचा मधला भाग बिनभोकांचा आहे, थेट ऊन अडवायला. लॉबी आणि लायब्ररीसारख्या जागी तो पूर्ण भोकांचा आहे, तिथे थोडा उजेड आरपार आलेला चालतो.

नजर. तिसऱ्या सेक्शनवर उभ्या माणसाचा डोळा दीड मीटरवर ठेवा आणि तिथून फटीच्या दोन्ही कडांकडे रेषा ओढा. कुठल्या जागेवरून फट दिसते, कुठून रिफ्लेक्टर ती झाकतो? बसलेल्या माणसासाठी १.२ मीटरवरून परत काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण रिफ्लेक्टरची रुंदी का तेवढी, हे याने कळतं.

## टप्पा ६: एक गोष्ट काढून टाका

बटर पेपर घ्या आणि सेक्शन पुन्हा काढा, पण एक घटक वगळून. आधी रिफ्लेक्टर वगळा: दुपारी जमिनीवर उन्हाचा पट्टा पडतो आणि छत त्या मानाने काळं दिसतं. रिफ्लेक्टर परत ठेवा, वक्राऐवजी सपाट स्लॅब घ्या: वर फेकलेला उजेड फटीशेजारी अडकतो, कडेला पोचत नाही. आता सायक्लॉइडच्या जागी अर्धवर्तुळ ठेवा. उजेड चालतो. बदलतं काय? खोली सव्वा मीटरने उंच होते, किंवा वक्र तेवढा खाली सुरू करावा लागतो.

म्हणजे आपल्या प्रश्नापुरतं सांगायचं तर रिफ्लेक्टर आणि वर-वळलेला पृष्ठभाग अटळ आहेत, सायक्लॉइड अटळ नाही. तो उंचीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हे कळलं नाही तर विद्यार्थी नेमकी उलटी गोष्ट उचलतो: सायक्लॉइड घेतो आणि रिफ्लेक्टर 'नंतर बघू' म्हणून सोडतो.

## टप्पा ७: धडा अटीसकट लिहा

'कान यांनी उजेडाचा सुंदर वापर केला' हा धडा नाही. धड्यात तीन भाग हवेत: काय केलं, त्यामुळे काय झालं, आणि कुठल्या अटीवर. आपल्या विद्यार्थिनीच्या वहीत हे असं उतरलं:

'माथ्यावरच्या फटीतला उजेड टेबलावर येण्याआधी दोनदा परतवला, आधी रिफ्लेक्टरवर, मग छतावर, तर थेट ऊन टाळता येतं. अट: छताचा पृष्ठभाग फिकट, बिनचमकी आणि सलग हवा, त्यात डक्ट किंवा दिवे नकोत. फट उत्तर-दक्षिण नसेल तर किरणांचे कोन पुन्हा काढावे लागतील.'

'माथ्यावर सलग फट ठेवायची तर छताने भार लांबीच्या दिशेने न्यायला हवा. अट: विटांच्या कमानीत हे करता येणार नाही.'

दुसऱ्या वाक्याने तिच्या डिझाइनमधला एक मजला वाचवला. तिने विटांचा व्हॉल्ट धरला होता आणि माथ्यावर काच दाखवली होती. आता तिच्यासमोर दोनच वाटा होत्या: काँक्रीटचे बीमसारखे पंख, किंवा विटांची कमान अखंड ठेवून उजेड बाजूने आणणं. तिने दुसरी निवडली. किंबेलसारखं तिच्या इमारतीत काहीच दिसत नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तपासणी: धड्यातलं इमारतीचं आणि आर्किटेक्टचं नाव खोडा. वाक्य अजून उपयोगी आहे का? आणि त्यातली अट खोडली तर ते खोटं ठरतं का? दोन्हींना 'हो' आलं तर ठेवा.

## टप्पा ८: शीट

याला फार वेळ देऊ नका. वर प्रश्न एका वाक्यात. मध्ये स्वतः काढलेला मोठा सेक्शन, लाल खुणांसकट. त्याखाली भार, उजेड आणि नजर या तीन आकृत्या, त्याच सेक्शनवर आणि त्याच स्केलला. बाजूला अटीसकट दोन धडे, आणि शेजारी स्वतःच्या प्रोजेक्टचा त्याच स्केलचा सेक्शन, ज्यात तो धडा कुठे लागला किंवा कुठे नाकारला ते दाखवलेलं. फोटो एक, तोही सेक्शनमध्ये कापलेल्या जागेचाच. चरित्र लागलंच तर विचारल्यावर तोंडी सांगा.